गुणवत्ता यादीचे वाचन : वीजतंत्री, जोडारी आणि दहावीची टक्केवारी

साहित्यकृतीची समीक्षा करणारा माणूस गुणवत्ता यादीची समीक्षा करायला निघतो, तेव्हा त्याच्या हेतूविषयी शंका घेतली जाणे स्वाभाविक आहे. परंतु आमच्या गोंदिया जिल्ह्यात कथासंग्रहापेक्षा गुणवत्ता यादी अधिक वाचली जाते. ती भिंतीवर लागते, मोबाईलवर फिरते, आणि तिच्यातील एकेका ओळीवर एकेका घराचे पुढचे तीस वर्षांचे जगणे ठरते. जो मजकूर इतक्या माणसांच्या आयुष्याला अर्थ देतो किंवा अर्थ नाकारतो, त्याचे वाचन समीक्षकाने का करू नये? मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. माझ्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. माझे मामा भाताच्या गिरणीत मिस्त्री आहेत, आणि माझ्या वर्गात बसणारी निम्मी मुले आयटीआयला नंबर लागला नाही म्हणून कला शाखेत आलेली असतात. तेव्हा हा विषय मी निवडला असे म्हणण्यापेक्षा तो माझ्या दारी येऊन बसला असे म्हणणे अधिक खरे होईल.

वाचनासाठी एकच मजकूर घेतो. गोंदिया जंक्शन दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात येते. हा विभाग वेळोवेळी शिकाऊ उमेदवारांची भरती जाहीर करतो. शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१ अन्वये वीजतंत्री, जोडारी, संधाता, कातारी अशा व्यवसायांतील आयटीआय उत्तीर्ण मुलांना वर्षभर कार्यशाळेत शिकायला घेतले जाते आणि विद्यावेतन दिले जाते. निवडीची पद्धत एका वाक्यात सांगता येते. दहावीचे शेकडा गुण आणि आयटीआयचे शेकडा गुण यांची बेरीज करायची, तिला दोनाने भागायचे, आणि येणाऱ्या सरासरीप्रमाणे यादी लावायची. लेखी परीक्षा नाही, तोंडी नाही, हातात कानस देऊन पाहणेही नाही. दोघांची सरासरी सारखी आली तर ज्याचे वय अधिक तो वर. दहावीला किमान पन्नास टक्के ही आधीची अट.

वरवर पाहता ह्या सूत्रात अन्याय कोठेच दिसत नाही. शाळेला अर्धे महत्त्व, हाताला अर्धे महत्त्व. मध्यमवर्गीय वृत्तपत्रांना अशी सूत्रे फार आवडतात, कारण त्यांत कोणाचा चेहरा नसतो. पण समीक्षेत आपण शिकलो आहोत की मजकूर जे म्हणतो आणि मजकूर जे करतो, ह्या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात. हे सूत्र अर्धे-अर्धे म्हणते. ते करते काय, हे तीन मुलांवर तपासून पाहू. मुले कल्पित आहेत, पण त्यांच्यासारखी मुले मी वर्गात रोज पाहतो.

पहिला मुलगा गोंदिया शहरातला. घरी वडील शिक्षक, दहावीला शिकवणी. दहावीला ८६ टक्के, आयटीआयला ८४. दुसरा तिरोड्याचा, दहावीला ७०, आयटीआयला ८८. तिसरा देवरीकडच्या आश्रमशाळेतला. दहावीच्या वर्षी गणिताचे शिक्षक अर्धे वर्ष नव्हते. दहावीला ५४, आयटीआयला ९२. आता आयटीआयच्या गुणांप्रमाणे, म्हणजे ज्या व्यवसायासाठी भरती आहे त्या व्यवसायातील गुणांप्रमाणे, क्रम लावला तर देवरीचा पहिला, तिरोड्याचा दुसरा, शहरातला तिसरा. सूत्र लावा. शहरातल्याची सरासरी ८५, तिरोड्याच्याची ७९, देवरीच्याची ७३. क्रम पूर्ण उलटा झाला. आयटीआयच्या गुणांना अर्धे वजन दिल्याचे सांगणाऱ्या सूत्राने त्या गुणांचा क्रम जसाच्या तसा पालथा घातला.

आणखी एक गणित करून पाहावे. देवरीच्या मुलाला शहरातल्या मुलाशी बरोबरी करायची असेल तर त्याने आयटीआयमध्ये किती गुण मिळवावेत? चोपन्नात किती मिळवले म्हणजे १७० होतात? उत्तर येते ११६. शंभरापैकी एकशे सोळा. तिरोड्याच्या मुलाला शंभरापैकी शंभर लागतात. सोळाव्या वर्षी जे घडले ते पुसून टाकण्यासाठी दोन वर्षे कार्यशाळेत काढलेल्या मुलाने कागदावर अशक्य असलेला आकडा आणावा, अशी ह्या सूत्राची अट आहे. ती कोठे लिहिलेली नाही. बेरजेतच ती लपलेली आहे.

असे का होते हे समजून घेतले पाहिजे, नाही तर आपला राग नुसताच राग राहील. दोन गुणांची सरासरी काढताना त्यांचे खरे वजन आपण कागदावर किती लिहिले यावर ठरत नाही, तर ते गुण किती पसरलेले आहेत यावर ठरते. दहावीचे गुण पन्नासपासून पंचाण्णवपर्यंत पसरतात. आयटीआयचे गुण पसरत नाहीत. तेथे प्रात्यक्षिकात उत्तीर्ण व्हायलाच साठ टक्के लागतात, आणि प्रात्यक्षिकाचा वाटा मोठा. निदेशकाला आपला मुलगा नापास व्हावा असे वाटत नाही, म्हणून तोही हात सैल सोडतो. मी पाहिलेल्या गुणपत्रकांत बहुतेक मुले ऐंशी ते ब्याण्णवच्या दरम्यान गर्दी करून उभी असतात. सगळेच जेथे सारखे तेथे फरक पडत नाही, आणि मग यादी लावण्याचे काम एकटी दहावी करते. वरच्या उदाहरणात दहावीचे गुण सरासरीच्या सोळा वर आणि सोळा खाली गेले आहेत, आयटीआयचे फक्त चार वर आणि चार खाली. प्रत्येकाचे अंतर त्याच्या त्याच्या पसाऱ्याने भागले, म्हणजे सोळाला सोळाने आणि चाराला चाराने, तर शहरातल्या मुलाला दहावीत अधिक एक आणि आयटीआयत उणे एक मिळतात. देवरीच्या मुलाला उणे एक आणि अधिक एक. तिरोड्याच्याला दोन्हीकडे शून्य. बेरीज तिघांचीही शून्य. म्हणजे अर्धे-अर्धे वजन खरोखर दिले असते तर ही तिन्ही मुले बरोबरीत आली असती आणि निवड वयावर गेली असती. आश्रमशाळेतली मुले बहुधा उशिरा शाळेत घातलेली असतात. पुढचे वाचकांनी समजून घ्यावे.

दहावीच्या गुणांविषयी आणखी एक गोष्ट नोंदवतो. २०२१ साली करोनामुळे महाराष्ट्रात दहावीची परीक्षाच झाली नाही. नववीच्या निकालाला पन्नास, दहावीच्या अंतर्गत लेखी मूल्यमापनाला तीस आणि तोंडी-प्रात्यक्षिकाला वीस असे गुण देऊन शाळांनी निकाल लावला. राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला. त्या वर्षीचे गुण आणि आदल्या-पुढल्या वर्षी परीक्षेला बसलेल्या मुलांचे गुण आज एकाच यादीत, एकाच स्तंभात, दशांश चिन्हानंतर दोन अंकांपर्यंत एकमेकांशी तोलले जातात. तराजू दोन, मापे दोन, आणि यादी एक.

रेल्वेवर एकट्या रेल्वेवर दोष ठेवण्याचे कारण नाही. महावितरणने २०१९ साली विद्युत सहाय्यकांच्या पाच हजार पदांसाठी जाहिरात दिली तेव्हा वीजतंत्री किंवा तारतंत्री व्यवसायाचे प्रमाणपत्र ही पात्रता होती आणि निवड दहावीच्या गुणांवर होती. जो माणूस पावसाळ्यात सालेकसाच्या जंगलात खांबावर चढून तुटलेली तार जोडणार, त्याची निवड त्याने मराठी, इंग्रजी, समाजशास्त्र, गणित आणि विज्ञान यांत मिळवलेल्या गुणांवर. डिसेंबर २०२३ च्या जाहिरातीत ही पद्धत बदलून ऑनलाईन परीक्षा आली. परीक्षेत व्यवसायाचे प्रश्न असतात, ही सुधारणा मान्य केली पाहिजे. तरीही खांब अजून प्रश्नपत्रिकेतच उभा आहे. शेजारच्या तेलंगणात ज्युनिअर लाईनमनच्या भरतीत लेखी परीक्षेनंतर उमेदवाराला खऱ्या खांबावर चढवून पाहतात.

एवढे लिहून मी लेख संपवला असता तर तो सोपा झाला असता. गुणवत्ता हे प्रस्थापितांचे थोतांड आहे, हाताला किंमत द्या, असे म्हणून टाळ्या घेता आल्या असत्या. पण आपल्या माणसांपुढे लिहिताना अवघड प्रश्न टाळता येत नाही. तो प्रश्न असा की, हे कागदी सूत्र आपल्याला नको आहे का?

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील दलित वर्ग कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी जे भाषण केले, त्यातील ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही ह्या दोन शत्रूंचा उल्लेख आपण नेहमी करतो. पण त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतील नोकरीची प्रत्यक्ष स्थिती सांगितली होती, तिचा उल्लेख कमी होतो. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच मरतो. त्याला हमालाचेही काम मिळत नाही, कारण हमालाकडून स्टेशनमास्तर घरची कामे करून घेतो आणि आपला माणूस त्याच्या घरात चालत नाही. रेल्वेच्या कारखान्यातही यंत्रशाळेत तो क्वचितच दिसतो आणि मिस्त्री क्वचितच होतो. ह्या माणसांना कोणत्या परीक्षेने नापास केले होते? कोणत्याच नाही. त्यांना फोरमनच्या डोळ्यांनी नापास केले होते. माणूस पाहायचा, नाव विचारायचे, आणि हा कामाचा नाही असे ठरवायचे. हात पाहून निवड करण्याची जी पद्धत आपण आज मागतो आहोत, तिचा आपल्या आजोबांना आलेला अनुभव हा असा आहे.

म्हणून दहावीची टक्केवारी आणि आयटीआयची टक्केवारी ह्या कोरड्या बेरजेचा एक मोठा गुण मान्य करावाच लागतो. तिला आडनाव वाचता येत नाही. तिच्यापुढे वशिला चालत नाही. प्रात्यक्षिक परीक्षा ठेवा म्हणताच पहिला प्रश्न उभा राहतो तो हा की, गुण देणार कोण? तोंडी परीक्षेत वीस गुण असोत की दहा, ते कोणाच्या हाती आहेत, यावर आपल्या मुलांचे काय होते हे आपण सर्वांनी पाहिले आहे. राखीव जागांची यादी वेगळी लागते म्हणून हा प्रश्न सुटत नाही. त्या यादीतही दहावीच्या गुणांमुळे आपल्यातलाच शहरी मुलगा आपल्यातल्याच खेड्यातल्या मुलाच्या पुढे जातो, ही आतली विषमता आपण बोलून दाखवत नाही, एवढेच.

मग कागदाची निःपक्षपाती वृत्ती आणि हाताची किंमत ह्या दोन्ही गोष्टी एकत्र मिळू शकतात का? माझे उत्तर असे की काही प्रमाणात मिळू शकतात, पण अट एकच. गुण माणसाने द्यायचे नाहीत, मोजमापाने द्यायचे. जोडाऱ्याच्या बाबतीत हे सोपे आहे. दोन लोखंडी पट्ट्या कानसून एकमेकींत बसवायच्या. आयटीआयत अशा कामावर मुलाच्या नावाऐवजी क्रमांकाचा ठसा हातोडीने मारतात. तो ठसा मारलेली पट्टी तपासणाऱ्यापुढे ठेवा. त्याला मुलगा दिसू देऊ नका. व्हर्नियर कॅलिपर मिलिमीटरचा पन्नासावा भाग मोजतो, त्याला जात मोजता येत नाही. माप जमले की नाही, सांध्यातून उजेड दिसतो की नाही, काटकोन गुण्यात बसतो की नाही, एवढेच लिहायचे.

वीजतंत्र्याचे काम इतके सोपे नाही, कारण त्याचे निम्मे काम वस्तूत उरत नाही. ते त्याच्या हातांच्या क्रमात असते आणि काम झाले की नाहीसे होते. येथे मला आलेला एक अनुभव सांगतो.

गेल्या दिवाळीनंतर जिल्ह्यातील एका भाताच्या गिरणीला वीजतंत्री हवा होता. मालकाकडे दोन अर्ज होते. एक आयटीआय झालेल्या बावीस वर्षांच्या मुलाचा, आणि दुसरा माझ्या मामांचा, जे त्याच गिरणीत पंचवीस वर्षे रोजंदारीवर मिस्त्री म्हणून राबत आहेत आणि ज्यांच्याकडे सातवी पास झाल्याच्या दाखल्याखेरीज कागद नाही. मालकाने मला विचारले, कारण मी शिकलेला. मी एका सेवानिवृत्त निदेशकांना गाठले. ते म्हणाले, कागद पाहू आणि काम पाहू, पण दोन्ही मिसळायचे नाही. त्यांनी तीन कामे ठरवली आणि एक दार ठरवले. दार म्हणजे सुरक्षितता. पुरवठा बंद करणे, फ्यूज काढून स्वतःजवळ ठेवणे, आणि मग तार मेली आहे हे सिद्ध करणे. सिद्ध करण्याच्या तीन पायऱ्या : टेस्टलॅम्प आधी चालू तारेवर लावून तो पेटतो हे पाहायचे, मग ज्या तारेवर काम करायचे तिच्यावर लावायचा, आणि मग पुन्हा चालू तारेवर लावून तो मध्येच बिघडला नाही हे पाहायचे. ह्या दारातून जो गेला नाही त्याचे बाकीचे गुण मोजायचेच नाहीत. कारण येथे सरासरीला जागा नाही. उत्तम जोडणी करणारा आणि जिवंत तारेला हात लावणारा माणूस हा सरासरीने ठीक माणूस ठरत नाही.

कामांपैकी पहिले, आकृती पाहून तीस अश्वशक्तीच्या मोटारीचा स्टार-डेल्टा स्टार्टर जोडणे. दुसरे, निदेशकांनी आधीच करून ठेवलेला बिघाड शोधणे. ओव्हरलोड रिलेतील बंद राहणाऱ्या संपर्काची तार त्यांनी सैल करून ठेवली होती. तिसरे, मेगरने वेटोळे आणि मोटारीचा सांगाडा यांतील रोध मोजून मोटार चालवण्याजोगी आहे की नाही हे सांगणे. शिवाय अनुभवासाठी एकच प्रश्न होता : तुम्ही काढलेला शेवटचा अवघड बिघाड पहिल्यापासून सांगा. अनुभव किती वर्षांचा, हे विचारायचेच नाही असे निदेशकांनी बजावले. ते म्हणाले की अनुभवाचा दाखला देणाऱ्या कंत्राटदाराला शिक्का असतो, लाज असतेच असे नाही. ज्याने कामच केले नाही त्याला पाच वर्षांचा दाखला मिळतो, आणि ज्याने पंचवीस वर्षे केले त्याला मिळत नाही, कारण दाखला दिला की भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब निघतो. खोटा अनुभव ओळखण्याची खूण अशी की, तो माणूस बिघाड सांगताना थेट उत्तरावर येतो. खरा माणूस आधी आपण कोठे चुकलो ते सांगतो.

मुलाने आकृतीवरून जोडणी चाळीस मिनिटांत केली, एकही तार चुकली नाही. मेगर त्याने नीट वापरला, आकडा वाचला, आणि एक मेगओमच्या खाली असेल तर मोटार सुकवावी लागेल हेही सांगितले. बिघाड मात्र त्याला सापडला नाही. त्याने रिले बदलायला मागितला. शेवटच्या बिघाडाच्या प्रश्नावर तो गप्प राहिला आणि मग खरे बोलला, की आजवर एकट्याने बिघाड काढलेला नाही.

मामांपुढे आकृती ठेवली तेव्हा ते म्हणाले, ‘मले कागद नोको दाखवू, मोटार दाखव.’ आकृतीशिवाय त्यांनी स्टार्टर जोडला. वेळ मुलापेक्षा कमी लागला. बिघाड त्यांनी चार मिनिटांत काढला. मेगर त्यांनी कधी हातात धरलेला नव्हता. मग शेवटच्या बिघाडाची गोष्ट त्यांनी सांगितली, ती येथे देण्याजोगी आहे. हलरची मोटार नुसती गुणगुणत होती, फिरत नव्हती. मदतनिसाने टेस्टर लावला आणि तिन्ही तारांत उजेड दाखवला, म्हणजे तिन्ही फेज आहेत. मामांनीही आधी ते खरे मानले आणि मोटार उघडायला घेतली, ही त्यांची चूक. मग त्यांच्या लक्षात आले की त्याच मेनस्विचवरची एलिव्हेटरची मोटार आधीपासून चालू आहे. एका फेजचा फ्यूज गेला तरी चालू असलेली मोटार दोन फेजवर फिरत राहते, आणि तिच्या वेटोळ्यातून तिसऱ्या तारेत वीज उलटी येते. टेस्टरला ती उलटी आलेली वीज आणि खरी वीज सारखीच. त्यांनी एलिव्हेटर बंद केला, दोन बल्ब एकापुढे एक जोडलेला टेस्टलॅम्प दोन-दोन फेजमध्ये लावला, आणि गेलेला फ्यूज सापडला. निदेशक ऐकताना वहीत लिहून घेत होते. हे मी वर्गात अनेकांना समजावले, पण कोणी चुकीसकट सांगितले नव्हते, असे ते म्हणाले.

आणि तरीही त्या कागदावर मामांचे गुण मोजले गेले नाहीत. कारण बिघाड काढताना त्यांनी मेनस्विच पाडला, फ्यूज काढला नाही, टेस्टलॅम्प लावला नाही, आणि तार मेली की नाही हे पाहण्यासाठी बोटांची उलटी बाजू तारेला टेकवली. गिरणीतले सगळे मिस्त्री असेच करतात. धक्का बसला तर हात आपोआप मागे ओढला जातो, असे त्याचे तर्कशास्त्र आहे. निदेशकांनी त्या ठिकाणी रेघ मारली. मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही.

मी माझ्याच माणसाला नापास करणाऱ्या परीक्षेचा एक कर्ता होतो. त्या रात्री मला झोप आली नाही, हे कबूल करतो. प्रमाणपत्राची बाजू मला तेव्हा प्रथम कळली. प्रमाणपत्र हे केवळ प्रस्थापितांनी दारावर ठेवलेले कुलूप नाही. त्यात दुसऱ्यांच्या मरणातून आलेले शहाणपणही भरलेले असते. टेस्टलॅम्प दोनदा तपासण्याचा नियम कोणाला तरी मृत्यू आल्याशिवाय लिहिला गेला नसेल. मामांच्या पिढीला ते शहाणपण कोणी दिले नाही, त्यांनी बोटाच्या उलट्या बाजूवर भागवले.

पण त्या कागदाचे वाचन तेथे संपत नाही. दोन्ही रकाने शेजारी ठेवून पाहिले तर जे दिसले ते कोणत्याही सरासरीत दिसले नसते. मामांकडे जे नव्हते, म्हणजे तीन पायऱ्या आणि मेगर, ते आठ दिवसांत शिकवता येते. मुलाकडे जे नव्हते ते शिकवायला काही वर्षे आणि काही जळालेल्या मोटारी लागतात. एका आकड्यात दोघांना बसवले असते तर एक वर आणि एक खाली दिसला असता, एवढेच. कोणाला काय शिकवायचे हे दिसले नसते.

मामांसाठी कागदाचे रस्ते आहेत, पण ते तपासून घ्यावे लागतात. पूर्वअनुभवाला मान्यता देण्याची योजना प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेखाली चालली, तीत थोड्या दिवसांचे प्रशिक्षण आणि चाचणी होऊन प्रमाणपत्र मिळते. पण जेथे जाहिरात आयटीआयचे गुण मागते तेथे ह्या प्रमाणपत्राला रकानाच नाही. ज्यावर गुण लिहिलेले नाहीत त्याची सरासरी काढणार कशी? दुसरा रस्ता अधिक लांबचा आणि अधिक पक्का. काही वर्षांचा अनुभव दाखवून खासगी उमेदवार म्हणून आयटीआयच्याच अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला बसणे. तेथे पुन्हा अनुभवाचा दाखला लागतो, आणि दाखला लागला की आपण पुन्हा त्या मालकाच्या टेबलापाशी येऊन उभे राहतो.

रेल्वेच्या सूत्रात अनुभवाला शून्य आहे, हे मी दोष म्हणून मांडत नाही. शिकाऊ उमेदवारी हीच अनुभवाची सुरुवात, तेथे आधीचा अनुभव मागणे चूक ठरेल. पण शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी रेल्वेच्या पहिल्या स्तराच्या पदांत वीस टक्के जागा ठेवलेल्या असतात. म्हणजे दहावीच्या वर्षी आश्रमशाळेत गणिताचा शिक्षक नव्हता, ही गोष्ट त्या मुलाच्या पाठोपाठ आयटीआयपर्यंत जाते, तेथून यादीपर्यंत, आणि यादीतून त्या वीस टक्क्यांपर्यंत. निदान एवढे तरी करता येईल की दहावी ही पन्नास टक्क्यांची चौकट म्हणून ठेवावी आणि त्यापुढे तिने बोलू नये. यादी आयटीआयच्या गुणांवर आणि क्रमांकाचा ठसा मारलेल्या एका मोजता येण्याजोग्या कामावर लागावी. ह्यातही खोट आहे. आयटीआयचे ८४ आणि ९२ यांतला फरक निदेशकाच्या हात सैल सोडण्याचा असू शकतो, आणि ज्या संस्थेचा निदेशक कडक तिची मुले मागे पडतील. म्हणून ते मोजता येण्याजोगे काम हवेच. हजारो अर्ज येतात तेव्हा सर्वांची कामे तपासणे अशक्य, असे उत्तर मिळेल. सर्वांची तपासायची गरज नाही. जागांच्या तिप्पट मुले बोलवावीत आणि दोन वेगवेगळ्या तपासनिसांनी एकमेकांचा आकडा न पाहता मोजावे. दोन आकड्यांत फार अंतर पडले तर तिसऱ्याने मोजावे. आमच्या विद्यापीठातल्या उत्तरपत्रिकांच्या बाबतीत हे पूर्वीपासून मान्य आहे. लोखंडाच्या बाबतीत मान्य व्हायला काय हरकत आहे?

गिरणीमालकाने मुलाला नोकरीवर ठेवले. मामा रोजंदारीवरच आहेत, आणि बिघाड आला की मुलगा त्यांनाच हाक मारतो. दोन आठवड्यांपूर्वी मामा घरी आले. खिशातून दोन बल्बांचा टेस्टलॅम्प काढून टेबलावर ठेवला, आणि माझ्या घरच्या स्विचबोर्डाशी उभे राहून तीन पायऱ्या करून दाखवल्या. आधी चालू तार, मग मेलेली, मग पुन्हा चालू. मग म्हणाले, ‘भाच्या, त्या मास्तराले इचार, परीक्षा पुन्हा कवा घेते.’ मी निदेशकांना फोन केला. त्यांनी पुढच्या महिन्यातला दुसरा रविवार दिला आहे. मेगर ते स्वतःचा आणणार आहेत.